लाल टोपण, केशरी टोपण

भारतातल्या औषधांच्या दुकानांत इन्सुलिन दोन वेगवेगळ्या तीव्रतांचे मिळते. एकाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर दुसऱ्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० युनिट. पहिल्याला यू-४० म्हणतात, दुसऱ्याला यू-१००. या दोहोंसाठी सिरिंजही दोन प्रकारच्या असतात आणि ज्या तीव्रतेचे इन्सुलिन त्याच तीव्रतेची सिरिंज वापरायची असते. घरोघरी यातच गफलत होते. बाटली एका जातीची आणि सिरिंज दुसऱ्या जातीची अशी जोडी जमली, तर ठरलेल्या डोसच्या अडीचपट इन्सुलिन अंगात जाते, नाहीतर जेमतेम चाळीस टक्के जाते. टोचणाऱ्याला मात्र यातले काहीच कळत नाही, कारण सिरिंजवरचा आकडा त्याने बरोबर गाठलेला असतो.

मुळात युनिट म्हणजे काय हे आधी नीट पाहिले पाहिजे. युनिट हे द्रवाचे माप नाही, ते इन्सुलिनच्या परिणामाचे माप आहे. १९२२ मध्ये टोरांटोत मधुमेहाच्या रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्या काळात जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या अर्काची ताकद दर खेपेला वेगळी भरायची. म्हणून सशाला टोचून त्याची साखर किती उतरते यावर एकक ठरवण्यात आले. आज मोजमाप कितीतरी काटेकोर झाले आहे, तरी कल्पना तीच आहे. मानवी इन्सुलिनचे एक युनिट म्हणजे साधारण ०.०३५ मिलिग्रॅम, मग ते कितीही पाण्यात मिसळलेले असो. दोन चमचे साखर पेलाभर पाण्यात घातली काय किंवा अर्ध्या पेल्यात घातली काय, पोटात जाणारी साखर दोनच चमचे असते, तसेच हे.

म्हणूनच डॉक्टरांनी २० युनिट सांगितले, तर ते यू-४० च्या बाटलीतून घ्यायचे असोत, यू-१०० च्या बाटलीतून घ्यायचे असोत की पेनमधून, युनिट २० च राहतात. फरक पडतो तो फक्त द्रवात. यू-४० चे २० युनिट अर्ध्या मिलिलिटरमध्ये मावतात, यू-१०० चे २० युनिट ०.२ मिलिलिटरमध्ये. बाटलीवरून पेनवर जाणाऱ्या अनेकांना वाटते की पेनमधले औषध शंभराचे, म्हणजे जास्त कडक, तेव्हा डोस कमी करायला हवा. काही जण तर मनानेच अडीचने भागाकार करून टाकतात. तसे करायचे नसते. हा हिशोब सिरिंज बनवणाऱ्याने आणि पेन बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेला आहे.

सिरिंज बनवणारा तो हिशोब रेषांमध्ये मांडतो. यू-४० ची एक मिलिलिटरची सिरिंज ४० भागांत विभागलेली असते आणि तिच्यावरची प्रत्येक बारीक रेघ एका युनिटची असते. यू-१०० ची एक मिलिलिटरची सिरिंज १०० पर्यंत जाते. तिच्यावर जागेअभावी बहुधा दोन-दोन युनिटांची एकेक रेघ असते, त्यामुळे १३ किंवा १७ असा विषम डोस तिच्यात अंदाजानेच भरावा लागतो. कमी डोस घेणाऱ्यांसाठी यू-१०० च्याच लहान सिरिंज मिळतात. अर्ध्या मिलिलिटरची ५० पर्यंत जाते, ०.३ मिलिलिटरची ३० पर्यंत. नेमकी ही ५० आणि ३० वाली जोडगोळी फसवते. ‘शेवटचा आकडा १०० नाही, म्हणजे ही शंभराची सिरिंज नव्हे’ असा समज त्यातून सहज होतो.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार यू-४० च्या सिरिंजची ओळख लाल रंग आणि यू-१०० ची केशरी. हा रंग सुईवरच्या टोपणाला दिलेला असतो. टोपण काढून बाजूला ठेवले की हातात उरते ती पारदर्शक नळी, पांढरा किंवा काळ्या रबराचा दट्ट्या आणि तिच्यावरचे बारीक छापील आकडे. टोपणांशिवाय दोन्ही सिरिंज शेजारी ठेवल्या, तर चाळिशी लावूनही पटकन ओळखता येत नाहीत. शिवाय बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडलेल्या किंवा मोतीबिंदू असलेल्या माणसाला पिवळ्या दिव्याखाली लाल आणि केशरी यांतला फरकही धड दिसत नाही. ज्या आजारासाठी ही वस्तू बनवली, तो आजार ज्या इंद्रियावर घाला घालतो त्याच इंद्रियाच्या भरवशावर ही ओळख सोपवलेली आहे, हे मोठे विचित्र आहे.

चुकीच्या जोडीचे गणित दोन दिशांनी जाते. यू-४० चे इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर नळीत ०.२ मिलिलिटर द्रव येतो. त्यात इन्सुलिन असते फक्त ८ युनिट. याच्या उलट, यू-१०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर द्रव येतो आणि त्यात असतात ५० युनिट. पहिल्या चुकीत साखर चढत जाते. दुसऱ्या चुकीत काही तासांतच ती धोक्याच्या पातळीखाली जाते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, त्याला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

दोन तीव्रता बाजारात राहिल्याच का, याचे उत्तर इतिहासात आहे. सुरुवातीच्या दशकांत जगभर यू-२०, यू-४०, यू-८० अशा अनेक तीव्रता चालत आणि गोंधळही तसाच चाले. अमेरिकेने १९७० च्या दशकात यू-१०० आणले, ब्रिटनने १९८३ मध्ये, आणि पुढे बहुतेक देश त्याच वाटेने गेले. जगभरच्या पेनमध्ये बसणारी कार्ट्रिजही सर्वसाधारणपणे यू-१०० चीच निघाली. भारतात मात्र बाटलीतले मानवी इन्सुलिन यू-४० चेच राहिले. हे इन्सुलिन स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यांत तेच मिळते आणि कोट्यवधी लोकांचा हात त्यालाच बसलेला आहे. केंद्र सरकारच्या आवश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीतही रेग्युलर, एनपीएच आणि ३०/७० ही मानवी इन्सुलिने ४० युनिट प्रति मिलिलिटर अशी आहेत, तर त्याच यादीतले ग्लार्जिन १०० युनिट प्रति मिलिलिटर असे आहे. एकाच यादीत दोन्ही, एकाच मेडिकलच्या फ्रिजमध्ये दोन्ही आणि पुष्कळदा एकाच रुग्णाच्या चिठ्ठीवरही दोन्ही.

त्यातून चुकीच्या काही वाटा अगदी ठरलेल्या आहेत. जास्त डोस जाण्याची सर्वांत नेहमीची वाट पेनमधून निघते. पेन बिघडते किंवा त्याच्या सुया संपतात, रात्रीची वेळ असते आणि घरात आईच्या जुन्या बाटलीबरोबर आलेल्या लाल टोपणाच्या सिरिंज पडलेल्या असतात. कोणीतरी कार्ट्रिजच्या रबरात सिरिंजची सुई खुपसून नेहमीचे १२ ‘युनिट’ ओढतो. प्रत्यक्षात ०.३ मिलिलिटर, म्हणजे ३० युनिट ओढले जातात. पेनच्या कंपन्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढू नका असे बजावतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच. काही नव्या पेनमध्ये तर २०० किंवा ३०० युनिट प्रति मिलिलिटर इतके तीव्र इन्सुलिन असते. ३०० वाल्यातले लाल टोपणाच्या सिरिंजने १२ च्या रेघेपर्यंत घेतले, तर ९० युनिट जातील.

दुसरी वाट बाटलीतल्या ग्लार्जिनची. ती बाटलीही काचेची, तिलाही रबराचे बूच, आकारही ओळखीचाच. पण आतले औषध यू-१०० चे. मेडिकलवाल्याकडे ‘इन्सुलिनच्या पाच सुया द्या’ असे म्हटले, की त्याचा हात सवयीने जास्त खपणाऱ्या लाल टोपणाच्या पाकिटाकडे जातो. रात्री झोपताना १४ युनिट ग्लार्जिन घेणारा माणूस त्या सिरिंजने ३५ युनिट घेतो आणि झोपतो. ग्लार्जिनचा परिणाम जवळजवळ चोवीस तास टिकतो. साखर उतरण्याची वेळ मध्यरात्रीनंतरची, तेव्हा घाम आणि थरथर दिसायला शेजारी कोणी जागे असेलच असे नाही.

कमी डोस जाण्याची वाट मात्र गुंतागुंतीची आहे आणि तिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण ‘जास्त गेले नाही ना, मग ठीक आहे’ असे वाटते. ती खरी किती घातक ठरते हे एका काल्पनिक, पण सहज घडू शकणाऱ्या उदाहरणातून उलगडून पाहता येईल.

समजा, साताऱ्याकडचे ६८ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक यू-४० चे ३०/७० इन्सुलिन सकाळी २४ आणि संध्याकाळी १६ युनिट घेतात. दिवसाला ४० युनिट. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात, म्हणजे बाटली बरोबर दहा दिवस पुरते. उपाशीपोटीची साखर १३० च्या आसपास असते, तब्येत छान आहे. तीन महिन्यांसाठी ते लेकीकडे न्यू जर्सीला जातात. बाटल्या इथूनच मोजून घेतलेल्या असतात, पण सिरिंज पंधरा दिवसांत संपतात. लेक तिथल्या फार्मसीतून इन्सुलिनच्या सिरिंजचे खोके आणते. तिथे माणसांसाठीचे बाटलीतले इन्सुलिन जवळजवळ सगळे यू-१०० चे असते, तेव्हा सिरिंजही केशरी टोपणाच्याच मिळतात. यू-४० चे इन्सुलिन तिथे उरले आहे ते मुख्यतः कुत्र्यामांजरांच्या मधुमेहासाठी आणि त्याच्या लाल टोपणाच्या सिरिंज जनावरांच्या औषधांबरोबर विकल्या जातात.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी २४ च्या रेघेपर्यंत भरलेल्या सिरिंजमधून ९.६ युनिट जातात आणि संध्याकाळी १६ च्या रेघेपर्यंत भरलेल्या सिरिंजमधून ६.४. दिवसाचे ४० युनिट गुपचूप १६ वर येतात. आठवड्याभरात उपाशीपोटीची साखर अडीचशेवर जाते, रात्री तीनतीनदा लघवीला उठावे लागते, तोंड कोरडे पडते. सगळ्यांच्या मनात कारण तयारच असते: हवापालट, जेवणातला बदल, फिरणे बंद, नातवंडांबरोबर केक आणि आइस्क्रीम. ही कारणे इतकी पटण्यासारखी असतात की सिरिंजकडे कोणाचे लक्षच जात नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल होतो. डॉक्टर विचारतात, ‘इन्सुलिन किती चाललंय?’ उत्तर मिळते, ‘सकाळी चोवीस, संध्याकाळी सोळा.’ हे उत्तर खोटे नसते. डॉक्टर दर चार-पाच दिवसांनी थोडा थोडा डोस वाढवत जातात. महिन्याभरात सकाळचा डोस ४० वर आणि संध्याकाळचा २८ वर पोहोचतो. खरोखर अंगात जातात १६ आणि ११.२. साखर बरीच खाली येते, उपाशीपोटी १७० पर्यंत. सर्वांना हायसे वाटते आणि वहीत नवा डोस लिहिला जातो: ४०–२८.

मग गुरुजी परत येतात. घरी पोहोचल्यावर नेहमीच्या मेडिकलमधून लाल टोपणाच्या सिरिंज येतात. जोडी आता बरोबर झालेली असते, पण वहीतला आकडा चुकीच्या जोडीने ठरवलेला असतो. सकाळी साडेसातला ते सिरिंज ४० च्या रेघेपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरतात. प्रवासापूर्वी ज्या शरीराला २४ युनिट पुरत होते आणि काल ज्याला १६ मिळाले, त्याला आज ४० मिळतात. ३०/७० मधला तीस टक्के भाग झटपट काम करणारा असतो, त्याचा जोर दोन ते चार तासांत येतो; उरलेल्या एनपीएचचा जोर त्यामागून चढतो आणि दुपारभर टिकतो. साडेदहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते, बायकोने दिलेला चहा ते ढकलून देतात. ग्लुकोमीटरवर ३८ दिसते.

या उदाहरणात एकाही व्यक्तीने डोस चुकीचा वाचला नाही, चुकीचा सांगितला नाही आणि चुकीचा लिहिला नाही. संपूर्ण घोटाळा दोन आकड्यांमधून झाला: बाटलीवरचा ४० आणि सिरिंजवरचा १००. डॉक्टरांच्या एका प्रश्नाने तो पकडता आला असता. ‘किती युनिट’ याबरोबर ‘कोणत्या सिरिंजने, टोपणाचा रंग काय’ असे विचारले असते, तर पहिल्याच कॉलमध्ये उलगडा झाला असता. तरी अनेक तपासण्यांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. साखर बिघडली की आधी पथ्याची चौकशी होते, मग गोळ्यांची, मग डोस वाढतो.

घरच्यांनाही एक खूण हाताशी होती, ती म्हणजे बाटली. दिवसाला ४० युनिट घेणाऱ्याची यू-४० ची बाटली दहा दिवसांत संपली पाहिजे. केशरी टोपणाच्या सिरिंजने तीच बाटली पंचवीस दिवस पुरते. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते, त्यामुळे ती पंचवीस दिवस चालली तर उलट ‘बरी पुरली’ असेच वाटते. याच्या उलट बाजूने यू-१०० च्या १० मिलिलिटरच्या बाटलीत १००० युनिट असतात. दिवसाला ४० घेणाऱ्याला ती पंचवीस दिवस पुरायला हवी. ती दहाव्या दिवशी रिकामी झाली, तर माणसाने अडीचपट इन्सुलिन घेतले आहे असा त्याचा अर्थ. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची सवय असलेल्या घरात हा हिशोब मिनिटभराचा आहे: बाटलीतले एकूण युनिट भागिले रोजचे युनिट. उत्तरापेक्षा बाटली दुप्पट-अडीचपट जास्त चालली किंवा निम्म्याहून आधी संपली, तर सिरिंज हातात घेऊन बघायची.

आणखी एक खूण आपोआप समोर येते. लाल टोपणाच्या एक मिलिलिटरच्या सिरिंजवर ४० च्या पुढे आकडाच नसतो. कोणाचा एका वेळचा डोस ४६ असेल, तर या सिरिंजने दोनदा टोचावे लागते. पूर्वी एकदाच टोचून भागत होते आणि आता दोनदा टोचावे लागते, किंवा पूर्वी दोनदा टोचत होते आणि आता एकदाच भागते, असा बदल झाला की सिरिंज बदलली असण्याची शक्यता मोठी. गुरुजींचा डोस ४० ऐवजी ४४ ठरला असता, तर परतल्यानंतर पहिल्याच सकाळी घोटाळा उघड झाला असता.

चूक टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे घरात एकाच तीव्रतेचे इन्सुलिन आणि एकाच जातीची सिरिंज ठेवणे. ज्याला दिवसा यू-४० चे रेग्युलर आणि रात्री यू-१०० चे ग्लार्जिन अशी दोन इन्सुलिने दिली आहेत, त्याने डॉक्टरांना सरळ विचारावे की दोन्ही एकाच तीव्रतेत देता येतील का, किंवा रात्रीचे पेनमधून घेता येईल का. पेनवर डोस फिरवून युनिटांत लावता येतो, तिथे सिरिंजचा प्रश्नच येत नाही. फक्त पेन बंद पडले तर त्याच्या कार्ट्रिजला सिरिंज लावायची नाही, एवढे पाळावे लागते. पर्याय म्हणून पेनच्या दोन-चार सुया आणि शक्य असल्यास एक जादा पेन घरात ठेवलेले बरे. दोन तीव्रता ठेवणे टळत नसेल, तर बाटली आणि तिच्या सिरिंज एकाच डब्यात ठेवाव्यात आणि डब्यावर जाड पेनाने मोठ्ठा ४० किंवा १०० लिहावा. रंगीत चिकटपट्टी लावण्यापेक्षा आकडा बरा. लाल-केशरीची गल्लत वर सांगितलीच आहे. घरात दुसऱ्या कोणाला मधुमेह असेल, तर त्याचा डबा वेगळ्या कपाटात हवा.

मेडिकलमध्ये ‘इन्सुलिनची सुई’ मागण्याऐवजी ‘यू-४० ची सिरिंज’ किंवा ‘यू-१०० ची सिरिंज’ असे नावानिशी मागावे आणि रिकामी बाटली सोबत न्यावी. बाटलीच्या लेबलावर प्रति मिलिलिटर किती युनिट ते ठळक छापलेले असते. सिरिंजच्या नळीवरही ती कोणत्या इन्सुलिनसाठी आहे ते यू-४० किंवा यू-१०० असे छापलेले असते. हे दोन आकडे दुकानातच एकमेकांशेजारी धरून बघायचे, शेवटच्या रेघेवर विसंबायचे नाही. पाकीट उघडल्यावर पहिल्या सिरिंजसाठी पुन्हा एकदा तेच करायचे. नेहमीचा टोचणारा बाहेरगावी गेला आणि शेजारची किंवा नवी आया टोचणार असेल, तर हे दोन आकडे तिला मोठ्याने वाचायला लावावेत.

चिठ्ठीबद्दलही एक गोष्ट. डॉक्टरांनी ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिलेला असावा. आकड्यापुढे इंग्रजी ‘यू’ अक्षर घाईत लिहिले, की ते शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. इन्सुलिनचे नाव, त्याची तीव्रता, युनिट आणि सिरिंजचा प्रकार या चार गोष्टी चिठ्ठीवर असल्या, तर मेडिकलवाल्याला अंदाज करावा लागत नाही. ‘अर्धी सिरिंज’, ‘पाव सिरिंज’ अशी तोंडी मापे तर पूर्ण बंद व्हायला हवीत. एक मिलिलिटरच्या सिरिंजची अर्धी आणि ०.३ मिलिलिटरच्या सिरिंजची अर्धी यांत तिपटीहून जास्त फरक आहे.

परदेशी जाताना पूर्ण मुक्कामाला पुरतील इतक्या सिरिंज इन्सुलिनबरोबरच न्याव्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आखाती देशांत, अमेरिकेत, युरोपात यू-४० ची सिरिंज सहज मिळेल असे धरून चालू नये. लांब मुक्काम असेल, तर निघण्याआधीच यू-१०० चे पेन सुरू करून हात बसवून घेतलेला चांगला. तिकडून परत येताना यू-१०० ची बाटली आणली, तर तिच्या केशरी टोपणाच्या सिरिंजही सोबत आणाव्यात.

कधीकधी नाइलाज होतो. रात्री अकरा वाजले आहेत, इन्सुलिन यू-४० चे आहे आणि हाताशी सिरिंज फक्त केशरी टोपणाची. अशा वेळी गणिताने वाट निघते: यू-४० चे औषध केशरी सिरिंजने घेताना युनिटांना अडीचने गुणायचे, म्हणजे २० युनिटांसाठी ५० ची रेघ. यू-१०० चे औषध लाल सिरिंजने घेताना युनिटांना ०.४ ने गुणायचे, म्हणजे २० युनिटांसाठी ८ ची रेघ. हे गणित माहीत असणे चांगले, कारण त्यावरून झालेली चूकही मोजता येते. पण गुणायचे कधी आणि भागायचे कधी यात उलटापालट झाली, तर परिणाम सव्वासहापट बिघडतो. २० च्या जागी १२५ किंवा ३.२ युनिट. म्हणून ते फोनवर डॉक्टरांना विचारून, फक्त त्या एका डोससाठी करावे आणि सकाळी योग्य सिरिंज आणावी.

जास्त डोस गेल्याचे लक्षात आले, तर लक्षणांची वाट पाहू नये. साखर लगेच तपासावी आणि डॉक्टरांना खरे गेलेले युनिट सांगावेत. साखर ७० च्या खाली असेल किंवा घाम, थरथर, धडधड, भूक, गोंधळलेले बोलणे असे काही दिसत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडली तर पुन्हा द्यावी, मग पोळी-भातासारखे काही खायला द्यावे. एवढ्यावर निभावले असे मात्र समजू नये. अडीचपट गेलेले ३०/७० किंवा ग्लार्जिन तासन्‌तास काम करत राहते. साखर एकदा वर येऊन दोन तासांनी पुन्हा कोसळते, म्हणून माणूस हसत-बोलत असला तरी त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. सोबत बाटली आणि वापरलेली सिरिंज दोन्ही न्याव्यात. नुसती बाटली पाहून डॉक्टरांना किती गेले ते कळणार नाही.

कमी डोस जात असल्याचे लक्षात आले, तर राहिलेले युनिट एकदम टोचून भरपाई करू नये. टाइप १ मधुमेह असलेल्यांत, विशेषतः मुलांत, दोन-तीन कमी डोसही रक्तात आम्ल साठायला पुरतात. उलट्या, पोटदुखी, खोल धापा आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, तर थेट रुग्णालय गाठायचे. तसे काही नसेल, तर पुढच्या वेळेपासून योग्य सिरिंज घ्यायची, पण कोणत्या डोसने, हे डॉक्टरांनाच विचारायचे. त्यासाठी त्यांना एक तारीख लागते: सिरिंज कोणत्या दिवशी बदलली ती. त्या दिवसाआधीचा डोस खरा आणि त्यानंतर वाढवलेले सगळे डोस रद्द धरून नव्याने ठरवावे लागतात.